मदत हवी आहे: स्फोटाच्या धुरात फ्लिपबुकचे झटके दिसतात, ब्लेंडिंग लावलं की आणखी बिघडतं

तोफगोळा_इंदूर
नमस्कार मंडळी. आमच्या मंडळाच्या नाटकात मागच्या एलईडी भिंतीवर होळकरांच्या तोफा उडताना दाखवायच्या आहेत. तोफेचा स्फोट आणि धूर पार्टिकलने केलाय, 6×6 ची फ्लिपबुक शीट आहे. लॅपटॉपवर ठीक वाटत होतं, भिंतीवर लावलं तर धूर चक्क टप्प्याटप्प्याने बदलताना दिसतो. ढग गोल फिरतोय छान, पण आतला आकार थबकतो, मग एकदम दुसरा होतो, परत थबकतो. फ्रेम ब्लेंडिंगची टिक लावून पाहिली तर धुरात रेघा येतात, म्हणून काढून टाकली. काय करू? तालीम तोंडावर आहे, दिग्दर्शक काकू रोज विचारतात.

भुट्टेकाकीस
कुठलं इंजिन? धूर किती सेकंद टिकतो? शीटचा आकार किती? रेघा कशा, आडव्या का उभ्या? भिया, इतकं तरी लिही.

तोफगोळा_इंदूर
युनिटी, यूआरपी. नेहमीचाच पार्टिकल अनलिट शेडर. शीट 2048 ची. बाकी सगळं नॉर्मल आहे.

नानासाहेब_निवृत्त
फ्लिपबुकबद्दल मलाही विचारायचेच होते. आमच्या दिवाळी अंकाची पीडीएफ आहे, पाने उलटल्याचा आवाज येईल असे फ्लिपबुक फुकटात कुठे करता येते? आमच्या वडोदऱ्यातील एकाने केले होते, पण त्यात जोडाक्षरे तुटत होती.

शेडरवाला_केदार
नानासाहेब, हे वेगळं फ्लिपबुक आहे. एकाच चित्रात स्फोटाच्या सगळ्या अवस्था चौकटींत मांडायच्या आणि एकामागून एक दाखवायच्या, ते. तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे सांगणारे भेटतील.

तोफगोळा, फिल्टर मोड काय आहे? `Trilinear` कर. दोन फ्रेममधलं अंतर तोच भरून काढतो. माझ्या गेममध्ये झटके त्यानेच गेले.

मंजिरी_ग्वाल्हेर
केदार, नाही रे. ट्रायलिनियर मिसळतो ते एकाच चित्राच्या मोठ्या-छोट्या मिप पातळ्या. शीटवर चौकटी आहेत, त्यांना काही क्रम आहे, हे त्याला ठाऊकच नसतं. तुझ्या गेममध्ये त्याच वेळी दुसरं काही बदललं असणार.

तोफगोळा, 'बाकी सगळं नॉर्मल' हे उत्तर नव्हे. तीन गोष्टी टाक: पार्टिकलचा `Start Lifetime`, `Frame over Time` चा कर्व्ह, आणि रेंडरर मॉड्यूलमधली `Custom Vertex Streams` ची यादी जशीच्या तशी.

तोफगोळा_इंदूर
लाइफटाइम 3 सेकंद. कर्व्ह सरळ रेघ, पहिल्या फ्रेमपासून शेवटच्यापर्यंत, `Cycles` 1. स्ट्रीम्सची यादी ही:

```
Position (POSITION.xyz)
Color (COLOR.xyzw)
UV (TEXCOORD0.xy)
AgePercent (TEXCOORD0.z)
UV2 (TEXCOORD0.w|x)
AnimBlend (TEXCOORD1.y)
```

`AgePercent` मागच्या कामातल्या विरघळणाऱ्या शेडरसाठी होतं, प्रीफॅब तोच उचललाय.

मंजिरी_ग्वाल्हेर
सापडलं. ब्लेंडिंगची टिक लावल्यावर यूआरपीचा तयार शेडर ठरलेल्या जागीच शोधतो: `TEXCOORD0` च्या पहिल्या दोन खणांत चालू फ्रेमचा यूव्ही, पुढच्या दोनांत पुढच्या फ्रेमचा, आणि `TEXCOORD1` च्या पहिल्या खणात मिसळण्याचं प्रमाण. तुझं `AgePercent` मधेच घुसल्यामुळे त्यानंतरचं सगळं एक घर पुढे सरकलंय. म्हणजे शेडर पुढच्या फ्रेमचा आडवा यूव्ही म्हणून पार्टिकलचं वय वाचतो, उभा यूव्ही म्हणून खरा आडवा वाचतो, आणि प्रमाण म्हणून उभा यूव्ही.

रेघा उभ्याच असतील, ढगाबरोबर फिरत असतील. आणि सुरुवातीला ठळक, शेवटी शेवटी फिक्या. कारण पहिली ओळ शीटच्या वरच्या टोकाला, तिथे उभा यूव्ही 1 च्या जवळ, तोच प्रमाण म्हणून वापरला जातो. फ्रेम खालच्या ओळींत उतरतात तसं ते कमी होतं. बरोबर?

तोफगोळा_इंदूर
अगदी तस्संच! ताई, तुम्ही माझी स्क्रीन बघताय का?

मंजिरी_ग्वाल्हेर
आधी `Flip-Book Blending` ची टिक परत लाव. मग यादीत `AgePercent` ओढून सगळ्यात खाली ने. तिथे ते `TEXCOORD1.y` होईल, हा शेडर त्याकडे बघतही नाही. किंवा मटेरियलमध्ये खाली इशारा दिसत असेल, त्याखालचं `Fix Now` दाब, यादी नव्याने बसेल.

शेडरवाला_केदार
एवढं सगळं करण्यापेक्षा 8×8 ची 4096 शीट घे ना. 36 च्या जागी 64 फ्रेम, झटका आपोआप कमी. ब्लेंडिंग ही लपवाछपवी आहे, चित्र बुळबुळीत होतं.

भुट्टेकाकीस
4096 ची शीट म्हणजे डीएक्सटी-5 ला 16 एमबी, मिप वेगळे. 2048 ला 4 एमबी. भिंतीच्या मागे पीसी असेल तर चालेल म्हणा. पण आधी सांग, 2048 ला 6 ने भाग कुठे जातो? एक चौकट 341.33 पिक्सेल. कड पिक्सेलच्या मधेच पडते, शेजारच्या फ्रेमची रेघ दिसते. फ्लिपबुक नेहमी 4×4 किंवा 8×8 च असावं.

मंजिरी_ग्वाल्हेर
चौकटीच्या कडेला चारही बाजूंनी रिकामी जागा असेल तर 341.33 ने काही बिघडत नाही. ढग कडेला चिकटलेला असेल तर मात्र 8×8 मध्येसुद्धा बिघडतं, कारण मिप लहान होत गेले की शेजारी शेजाऱ्यात मिसळतोच. आकड्यापेक्षा ती रिकामी जागा महत्त्वाची.

भुट्टेकाकीस
तरी मी 8×8 च करतो.

तोफगोळा_इंदूर
रेघा गेल्या! धूर नंतरनंतर मऊ दिसतो, मस्त. पण दोन नवीन भानगडी. एक, ढगाच्या कडेला काळपट किनार येते आणि धडधडल्यासारखी जाते-येते. ब्लेंडिंग बंद केलं की नाही. दोन, स्फोटाच्या पहिल्या भागात आगीचे दोन-दोन लोळ दिसतात, एक विरतोय, दुसरा उगवतोय. आणि भिंतीवर अजूनही टप्पे जाणवतात, मऊ झालेत इतकंच.

भुट्टेकाकीस
36 फ्रेम 3 सेकंदांत म्हणजे सेकंदाला 12. ब्लेंडिंग लावल्यावर 12 ला टप्पे जाणवायला नकोत. काहीतरी लपवतोयस.

तोफगोळा_इंदूर
लपवायचं काय, स्लो मोशन आहे ना तिथे. तोफ उडते तेव्हा `Time.timeScale` 0.25 करतो, सरदार हळूहळू वळतो, प्रकाश वगैरे. नाटकात तेच तर आहे.

भुट्टेकाकीस
😐

मंजिरी_ग्वाल्हेर
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. 0.25 म्हणजे 3 सेकंदांचा धूर 12 सेकंद चालतो. 36 फ्रेम भागिले 12 सेकंद, सेकंदाला 3. भिंत 60 हर्ट्झची असेल तर शीटची एक फ्रेम पडद्याच्या 20 फ्रेम टिकते. ब्लेंडिंग नसताना म्हणूनच तो थबकत होता: फिरणं, मोठं होणं पडद्याच्या प्रत्येक फ्रेमला सुरळीत, आणि आतलं चित्र सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याला एकदा.

आता ब्लेंडिंग काय करतं ते बघ. ते दोन चित्रं एकमेकांवर ठेवून एक पुसत नेतं, दुसरं उमटवत आणतं. मधे काहीही हलत नाही. दोन फ्रेममध्ये धुराची वळी दोन-चार पिक्सेल सरकली असेल तर डोळा फसतो, हालचाल झाली असं वाटतं. आगीचा लोळ एका फ्रेममध्ये चौकटीच्या मध्यावर आणि पुढच्यात वर टोकाला असेल तर मधल्या वेळी दोन्हीकडे अर्धा-अर्धा दिसणार. तुझे दोन लोळ ते हेच. आणि ठीक मध्यावर दोन चित्रांचं मिश्रण असल्याने तपशील पुसट, फ्रेम पूर्ण आली की परत तीक्ष्ण. सेकंदाला 3 वेळा पुसट-तीक्ष्ण, पुसट-तीक्ष्ण. मोठ्या भिंतीवर ते श्वास घेतल्यासारखं दिसतं. उरलेले टप्पे म्हणजे तो श्वास.

काळी किनार वेगळी गोष्ट. तुझ्या पीएनजीत पारदर्शक पिक्सेलच्या खाली काळा रंग असणार. समज, कडेला एका फ्रेममध्ये पिक्सेल पूर्ण पारदर्शक, खाली काळा. पुढच्या फ्रेममध्ये तिथे पांढरा धूर. मध्यावर अल्फा अर्धा होतो ते ठीक, पण रंगही अर्धा काळा होऊन राखाडी होतो. अर्धपारदर्शक पांढऱ्याऐवजी अर्धपारदर्शक राखाडी, तीच ती किनार. इम्पोर्टमध्ये `Alpha Is Transparency` ला टिक लाव. मग युनिटी कडेचा रंग पारदर्शक भागाखाली पसरवतो.

शेडरवाला_केदार
किंवा प्रीमल्टिप्लाय करा. रंग आधीच अल्फाने गुणलेला असला की मिश्रण बरोबरच येतं, किनारीचा प्रश्नच नाही. हे तरी मान्य?

मंजिरी_ग्वाल्हेर
मान्य, आणि आग-धूर एकाच शीटमध्ये असेल तर तेच जास्त चांगलं. फक्त शीट, इम्पोर्ट आणि मटेरियल तिन्ही एका मताचे हवेत. तालीम तोंडावर असताना त्याच्यासाठी टिक सोपी.

होळकर_वाडा
इंदूरमध्ये कुठलं मंडळ? आम्ही लहानपणी अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या बघायला रात्रभर उभे राहायचो. त्यात तोफ असायची, खरा धूर सोडायचे. एलईडी भिंतीपेक्षा ते भारी. धूरयंत्र भाड्याने घ्या की, राजवाड्याकडे मिळून जाईल.

तोफगोळा_इंदूर
दादा, सभागृहवाले धूर सोडू देत नाहीत, अलार्म वाजतो. म्हणूनच ही सगळी उठाठेव.

ताई, टिक लावली, किनार नव्वद टक्के गेली. आग आणि काळा धूर जिथे भेटतात तिथे थोडी आहे, पण लक्षात येत नाही. आता ते दोन लोळ.

वडोदरा_व्हीएफएक्स
सरळ व्हिडिओ लावा. अल्फावाला वेबएम, व्हीपी8, युनिटीचा व्हिडिओ प्लेयर चालवतो. एका क्वाडवर टाका. शीट, चौकटी, स्ट्रीम, कशाचीच कटकट नाही. मी लग्नाच्या एंट्रीला असंच करतो, वर-वधू येताना दोन्हीकडून फटाके.

भुट्टेकाकीस
लग्नात एकदा वाजला की संपला. याच्या सात तोफा वेगवेगळ्या वेळी उडणार, प्रत्येकीत पंचवीस-तीस ढग, प्रत्येकाचं वय वेगळं. प्रत्येक ढगाला वेगळा व्हिडिओ लावणार का?

वडोदरा_व्हीएफएक्स
सात तोफा आहेत हे कुठे लिहिलंय?

भुट्टेकाकीस
त्याने नाही लिहिलं. मी त्या नाटकात प्रकाशयोजनेला आहे 😄

तोफगोळा_इंदूर
अरे भिया, तूच का! मग तालमीत का नाही सांगितलंस?

भुट्टेकाकीस
मला दिवे कळतात, धूर नाही. मी 8×8 च सांगणार होतो.

मंजिरी_ग्वाल्हेर
बरं, दोन लोळ. स्वस्तातला उपाय: स्लो मोशन चमक झाल्यावर सुरू कर. या शीटमध्ये पहिल्या दहा-बारा फ्रेममध्ये आग फुटते, त्यापुढे धूर फक्त फुगतो आणि विरतो. चमक पूर्ण वेगाने जाऊ दे, म्हणजे पहिला एक सेकंद. मग `timeScale` खाली आण. उरलेल्या धुरात शेजारच्या दोन फ्रेममधला फरक छोटा आहे, तिथे ब्लेंडिंग पुरेल. शिवाय `Start Lifetime` 2.4 ते 3.6 असा विखुरलेला ठेव, म्हणजे सगळे ढग एकाच क्षणी श्वास घेणार नाहीत.

आणि कर्व्हचं शेवटचं टोक शेवटच्या फ्रेमवरच टेकतं का बघ, तिच्या पुढे नको. पुढे गेलं आणि हिशेब गोल फिरून पहिल्या फ्रेमवर आला तर विरणाऱ्या धुरात पहिली चमक हलकीशी उमटते.

तोफगोळा_इंदूर
काकूंना दाखवलं. धूर पसंत. पण म्हणाल्या, स्लो मोशन चमकेवरच हवं, सरदाराचा चेहरा त्याच उजेडात दिसला पाहिजे. संपला विषय.

मंजिरी_ग्वाल्हेर
मग मोशन व्हेक्टर. प्रत्येक फ्रेमच्या प्रत्येक पिक्सेलला पुढच्या फ्रेमपर्यंत कुठे सरकायचंय हे दुसऱ्या शीटमध्ये लाल-हिरव्यात लिहिलेलं असतं. चालू फ्रेम त्या दिशेने पुढे ताणायची, पुढची फ्रेम मागे ओढायची, दोन्ही मधे एकमेकींवर आल्या की मिसळायच्या. मग लोळ दोन नाही दिसत, एकच सरकताना दिसतो.

तुझ्या विकतच्या शीटबरोबर ती दुसरी शीट नसणार. माझ्याकडे एम्बरजेन आहे, असाच एक स्फोट करून दोन्ही शीट काढून पाठवते. यूआरपीच्या तयार पार्टिकल शेडरमध्ये यासाठी जागा नाही, आपला लिहावा लागेल. गाभा एवढाच, `t` म्हणजे `AnimBlend`:

```hlsl
float2 mA = (tex2D(_Motion, uvA).rg * 2 - 1) * _Strength;
float2 mB = (tex2D(_Motion, uvB).rg * 2 - 1) * _Strength;
half4 a = tex2D(_MainTex, uvA - mA * t);
half4 b = tex2D(_MainTex, uvB + mB * (1 - t));
half4 c = lerp(a, b, t);
```

`_Strength` अगदी छोटा असतो. यूव्ही अख्ख्या शीटचा आहे, चौकट त्याचा सहावा हिस्सा, आणि सरकणं त्या चौकटीतलंही थोडंसंच. 0.01 पासून सुरू करून डोळ्यांनी लाव.

शेडरवाला_केदार
व्हीएफएक्स ग्राफमध्ये हे तयार मिळतं, यूव्ही मोडमध्ये `Flipbook Motion Blend`. शेडर लिहायचा कशाला?

मंजिरी_ग्वाल्हेर
खरंय. नव्याने सुरू करत असता तर तेच सांगितलं असतं. सात तोफांचे प्रीफॅब पार्टिकल सिस्टिमचे आहेत, म्हणून.

तोफगोळा_इंदूर
शीट मिळाल्या, आभार ताई. शेडर बसवला. पण सगळा धूर एका कोपऱ्याकडे तिरका घसरतो, मग झटक्याने परत जागेवर, परत घसरतो. रिकामी, न हलणारी जागासुद्धा घसरते. आधीपेक्षा वाईट.

मंजिरी_ग्वाल्हेर
मोशनच्या शीटवर `sRGB` ची टिक राहिलीय. 'हालचाल नाही' म्हणजे 0.5. ती टिक असली की रंग समजून 0.5 चं साधारण 0.21 होतं, दुप्पट करून 1 वजा केलं की 0 ऐवजी उणे 0.57. लाल-हिरवं दोन्हीला तेच, म्हणून सगळं तिरकं एकाच बाजूला. टिक काढ. कॉम्प्रेशनही सध्या बंद ठेव, ठोकळे पडले तर धूर थरथरतो. आणि वर जाणारा लोळ खाली खेचला जात असेल तर हिरव्याचं चिन्ह उलटं कर.

तोफगोळा_इंदूर
टिक काढली, हिरवं उलटं केलं. चालतंय! 0.25 ला लोळ एकच, वर सरकताना दिसतो. भिंतीवर अजून नाही पाहिलं, 55 इंची टीव्हीवर पाहिलं.

एकच उरलंय. आग विझून काळा धूर होतो त्या तीन-चार फ्रेममध्ये आगीच्या कडा फाटल्यासारख्या ताणल्या जातात.

मंजिरी_ग्वाल्हेर
ती हालचाल नाहीच ना, आग तिथल्या तिथे विझते. जे नाहीसं होतं त्याला सरकायला जागा नसते, व्हेक्टर काहीतरी अंदाजाने दिशा देतो. तेवढ्या फ्रेममध्ये `_Strength` कमी करून बघ, `AgePercent` आहेच तुझ्याकडे, त्याने चालवता येईल. पण कमी केलं की दोन लोळ थोडे परत येतील. किंवा त्या टप्प्यापुरत्या फ्रेम दाट घ्यायच्या, म्हणजे शीट परत काढायची आणि कर्व्ह त्या हिशेबाने वाकवायचा.

शेडरवाला_केदार
म्हणजे जास्त फ्रेम. मी आधीच म्हणालो होतो.

मंजिरी_ग्वाल्हेर
जास्त नव्हे, तेवढ्याच 36. फुगून विरणाऱ्या धुरातल्या काढायच्या आणि आगीला द्यायच्या.

भुट्टेकाकीस
त्या क्षणी मी पिवळा स्पॉट पूर्ण मारतो सरदारावर, आगीच्या कडा बघणारच कोण? उद्या भिंतीवर लावून बघू, मग ठरव.

नानासाहेब_निवृत्त
नवीन धागा काढला आहे. जोडाक्षरांचे काय करायचे ते कोणी तिकडे सांगेल का?